लिफ्टजवळच्या त्या कागदाबद्दल : गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना खुले पत्र

सोसायट्यांचे सचिव, अध्यक्ष आणि कमिटीवरची सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मतदानाच्या दोन दिवस आधी तुमच्यापैकी बरेच जण लिफ्टजवळच्या फळ्यावर एक कागद लावता. 'आपल्या सोसायटीचे मतदान केंद्र : अमुक विद्यालय. सर्व सभासदांनी वेळेत मतदान करावे.' खाली सही, शिक्का. हेतू चांगला असतो, शंकाच नाही. पण त्या कागदावरचे पहिले दोन शब्दच चुकलेले असतात. मतदान केंद्र सोसायटीला दिलेलं नसतं. इमारतीला नाही, कुटुंबाला नाही आणि खिशातल्या ओळखपत्रालाही नाही. ते मतदार यादीतल्या एकेका नोंदीला दिलेलं असतं. एका फ्लॅटमध्ये चार नोंदी असतील तर केंद्रंही चार असू शकतात.

मी शाळेत शिकवते. शाळा सांभाळून काही वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम केलं. हातात यादी, खांद्याला पिशवी आणि प्रत्येक गेटवर वॉचमनचं 'बाई, वहीत सही करा' हे ऐकत घरोघरी फिरणारी जी व्यक्ती तुम्ही पाहिली असेल, ती मीच किंवा माझ्यासारखीच कुणी. मतदानाच्या दिवशी आम्ही केंद्राबाहेरच्या मदतीच्या टेबलावर बसतो. तिथे दर वेळी तुमच्या त्या कागदाचा फोटो मोबाइलवर दाखवत माणसं येतात आणि म्हणतात, 'आमचं नाव इथंच आहे, सोसायटीनं सांगितलंय.'

एका घराची गोष्ट सांगते. इमारत दोन विंगची. पूर्वी त्या जागी चाळ होती, तिचा पुनर्विकास झाला. ब विंगच्या ५०४ मध्ये आजोबा, मुलगा, सून आणि नुकतीच अठरा पूर्ण झालेली नात. फळ्यावर तुमच्यासारखाच कागद. चौघं सकाळी एकत्र निघाले आणि कागदावर लिहिलेल्या शाळेत पोचले. आवारात पाच रांगा. 'आमचा कुठला बूथ?' असं पुढच्याला विचारलं, त्याने ज्या रांगेकडे बोट दाखवलं तिथे उभे राहिले. सव्वा तासाने खोलीच्या दारात पोचले. आत पहिल्या मतदान अधिकाऱ्यासमोर त्या खोलीची यादी असते, तिला चिन्हांकित प्रत म्हणतात. मुलाचं नाव सापडलं, सुनेचंही सापडलं. आजोबांचं नाव नाही, नातीचंही नाही. आजोबा एक्क्याऐंशी वर्षांचे. त्यांनी ओळखपत्र पुढे केलं, अधिकाऱ्याने नम्रपणे परत दिलं. ओळखपत्र खरं होतं, माणूस तोच होता, पण त्या खोलीच्या यादीत नाव नव्हतं आणि नाव नसलेल्याला तिथे मत देता येत नाही. यात अधिकाऱ्याचं काही चुकलं नाही.

दोघं माझ्या टेबलापाशी आले. ओळखपत्राचा क्रमांक टाकून शोधल्यावर दोन मिनिटांत कळलं ते असं. मुलगा आणि सून यादी भाग १४३ मध्ये, नात भाग १४४ मध्ये आणि आजोबा भाग १४१ मध्ये. १४३ आणि १४४ त्याच शाळेत, फक्त खोल्या वेगळ्या. १४१ मात्र रस्त्यापलीकडच्या जुन्या मनपा शाळेत, पहिल्या गल्लीच्या टोकाला. नातीने तिची रांग धरली. आजोबा म्हणाले, 'आधीच सांगितलं असतंत तर सव्वा तास मी घरी पेपर वाचला असता.' मग रिक्षा केली आणि गेले.

हे का झालं ते तुम्हाला समजलं पाहिजे, कारण पुनर्विकास झालेल्या प्रत्येक इमारतीत हेच होणार आहे.

विधानसभा मतदारसंघाची यादी एकसलग नसते. तिचे भाग पाडलेले असतात आणि साधारणपणे एका भागाला एक मतदान केंद्र. भागाच्या पोटात विभाग असतात, म्हणजे अमुक गल्ली, तमुक चाळ, अमुक सोसायटी. विभागाखाली माणसांचे चौकोन, एका पानावर तीन उभ्या ओळींत तीस. आता यातला एखादा चौकोन नीट बघा. वर कोपऱ्यात अनुक्रमांक, दुसऱ्या बाजूला ओळखपत्राचा क्रमांक, मग नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. मतदान केंद्राचं नाव त्या चौकोनात कुठेच नाही! लोक तिथेच शोधत बसतात. केंद्र त्या भागाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. चौकोनातल्या माणसापासून केंद्रापर्यंत जाणारा दुवा एकच, पानाच्या माथ्यावर छापलेला यादी भाग क्रमांक.

आजोबांची नोंद चाळीच्या काळातली. चाळ पडली, इमारत उभी राहिली, पण यादीतला 'अमुक चाळ' हा विभाग भाग १४१ मध्ये तसाच राहिला आणि त्यात आजोबाही राहिले. पत्ता बदलल्याचा नमुना ८ त्यांनी कधी भरलाच नाही. भरावा असं त्यांना वाटलंही नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते कुठे गेलेच नव्हते, त्याच जमिनीवर पाच मजले वर चढले होते. मुलाने कर्जाच्या कागदपत्रांसाठी ओळखपत्रावरचा पत्ता बदलून घेतला, तेव्हा तो नव्या सोसायटीच्या नावाखाली भाग १४३ मध्ये आला. सुनेने लग्नानंतर माहेरची नोंद इथे हलवली, तीही १४३ मध्येच, पण पुरवणी यादीत गेली. म्हणून नवऱ्याचा अनुक्रमांक ७०२ आणि तिचा ९८८. नवी नावं भागाच्या शेवटी पुरवणीत जोडली जातात, त्यामुळे घरातल्यांचे क्रमांक लागोपाठ असतीलच असं नाही. नवऱ्याच्या आसपास नाव दिसलं नाही म्हणून ते यादीत नाहीच असं समजून परत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नातीने नमुना ६ ऑनलाइन भरताना पत्त्यात सोसायटीच्या नावाऐवजी मागच्या रस्त्याचं नाव लिहिलं आणि तिची नोंद त्या रस्त्याच्या भागात, १४४ मध्ये, पडली.

म्हणजे एकाच दाराआड तीन भाग, आणि त्यातल्या कुणाचंही नाव 'गायब' झालेलं नव्हतं.

आता केंद्र नेमकं कुठे आहे हे पक्कं कसं करायचं. हे दोन टप्प्यांत होतं आणि लोक पहिल्यावरच थांबतात.

पहिला टप्पा आपल्या नोंदीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मिळवण्याचा. electoralsearch.eci.gov.in या संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक, राज्य आणि खालच्या चित्रात दिसणारी अक्षरं टाकली की एक ओळ येते. क्रमांक सापडत नसेल तर नाव, वय, जिल्हा घालून शोधता येतं, पण नावाच्या स्पेलिंगमध्ये तो शोध बरेचदा अडकतो. 'वैशाली' यादीत 'वैशालि' असते आणि बाईंना वाटतं नाव कापलं. म्हणून होता होईल तो क्रमांकानेच शोधा. नव्या ओळखपत्रावर तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असतात. जुन्या कार्डावर तिरप्या रेघांचा लांबलचक क्रमांक असतो. तो घालून काही मिळालं नाही तर नावाने शोधा, बहुतेकांना दरम्यान नवा क्रमांक दिला गेलेला असतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी आपला क्रमांक घालून असा मेसेज १९५० वर पाठवावा:

```
ECI ABC1234567
```

आलेल्या ओळीत विधानसभा मतदारसंघ, भाग क्रमांक व नाव, मतदान केंद्र आणि भागातला अनुक्रमांक असतो. तपशील उघडला तर छापून घेता येईल असं पान मिळतं. इथे एक सावधगिरी. ओळखपत्राच्या मागच्या बाजूला भाग क्रमांक छापलेला असला तर त्याच्या भरवशावर राहू नका. तो कार्ड छापलं त्या दिवसाचा असतो. भाग नव्याने पाडले जातात, क्रमांक सरकतात, कार्ड मात्र तेच राहतं. केंद्रावर जास्तीत जास्त दीड हजार मतदार हा पूर्वीचा दंडक २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने बाराशेवर आणला. तो जिथे लागू होतो तिथे फुगलेले भाग तोडून नवी केंद्रं काढावी लागतात, आणि मग 'आम्ही गेल्या वेळी इथंच मत दिलं होतं' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

दुसरा टप्पा जागेचा, आणि खरी गंमत इथेच आहे. 'मतदान केंद्र' हा शब्द आपण इमारतीसाठी वापरतो. निवडणुकीच्या भाषेत केंद्र म्हणजे खोली. एका शाळेत आठ खोल्यांत आठ केंद्रं असली तर ती आठ स्वतंत्र केंद्रं असतात, फक्त ठिकाण एक. म्हणून केंद्राचं नाव शेवटपर्यंत वाचायचं. 'अमुक विद्यालय, तळमजला, पूर्व बाजू, खोली क्र. ५' यातला कामाचा भाग शेवटी असतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर नेमका तोच कापला जातो. कार्यकर्त्यांनी वाटलेल्या चिठ्ठ्यांवरही जागा संपली की ओळ तिथेच तुटते. खोलीऐवजी कधी फक्त 'उत्तर बाजू' असतं. उत्तर कुठली हे शाळेत उभं राहून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, दिशा ठरवायला लोक सूर्य शोधतात आणि वर मंडप असतो.

जागा पक्की करायला सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे त्या भागाच्या यादीचं पहिलं पान. voters.eci.gov.in वर यादी डाउनलोड करण्याची सोय आहे. राज्य, जिल्हा, मतदारसंघ, भाषा निवडली की भागांची रांग येते आणि भागाच्या नावासमोरून पीडीएफ उतरवता येते. ती पाहण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, यादी सार्वजनिक असते. पानं चित्राच्या रूपात असल्यामुळे त्यात नाव टाइप करून शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचावं लागतं. पण पहिल्या पानावर तुम्हाला हवं ते सगळं आहे. केंद्राचा क्रमांक आणि नाव, इमारतीचा पत्ता, केंद्र सर्वसाधारण आहे की फक्त स्त्रियांसाठी किंवा पुरुषांसाठी, या भागात कोणकोणते विभाग येतात, पहिला आणि शेवटचा अनुक्रमांक आणि एकूण मतदार. त्यालाच जोडून पुष्कळ याद्यांत परिसराचा नजरी नकाशा आणि इमारतीचा फोटो असतो. फोटो बघाच. एकाच संस्थेच्या दोन शाळा, नाव सारखं, एक स्टेशनच्या या बाजूला आणि दुसरी त्या बाजूला, असं आपल्याकडे सर्रास आहे. मोबाइलच्या नकाशावर नाव टाकलं की तो यातली जास्त प्रसिद्ध शाळा दाखवतो. फोटोतलं फाटक आणि समोरचं फाटक जुळलं तरच ती तुमची.

पहिल्या पानावर साहाय्यकारी मतदान केंद्रांची संख्या नावाचा एक रकानाही असतो. तिथे शून्य असेल तर सोडून द्या. एखादा आकडा असेल तर मात्र भाग एक आणि खोल्या दोन, असा प्रकार आहे. मतदार जास्त झाले की त्याच भागासाठी शेजारी '१४३ अ' असं जोडकेंद्र काढतात आणि भागातले काही अनुक्रमांक तिकडे जातात. तेव्हा नुसता भाग क्रमांक पुरत नाही, अनुक्रमांकही हाताशी लागतो. दाराबाहेर लावलेल्या सूचनेवर त्या खोलीत कुठल्या क्षेत्राचे, कुठले मतदार मत देणार हे लिहिलेलं असतं. नियमच आहे तसा. उमेदवारांच्या यादीशेजारचा तो साधासा कागद कुणी वाचत नाही. रांगेत उभं राहण्याआधी तीस सेकंद तो वाचला असता तर आजोबांचा सव्वा तास वाचला असता.

तरीही शंका राहिली तर बीएलओला फोन करा. voters.eci.gov.in वर आपलं केंद्र आणि अधिकारी कोण ते पाहण्याचीही सोय आहे, तिथे ओळखपत्राचा क्रमांक टाकायचा. यादी छापल्यानंतर इमारत बदलल्याचं सगळ्यात आधी आम्हाला कळतं. शाळेची इमारत धोकादायक ठरते, कुठे दुरुस्ती निघते, आणि जिल्हा निवडणूक अधिकारी आयोगाच्या मान्यतेने केंद्र दुसरीकडे हलवतात. अशा वेळी तुमच्याकडच्या पीडीएफवर जुनंच नाव असतं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी एकदा तिथे जाऊन बघून यावं. तोवर मतदान पथकं साहित्य घेऊन पोचलेली असतात, दारांवर केंद्र क्रमांक चिकटवलेले असतात, आणि कुठल्या फाटकाने सोडणार तेही समजतं. फाटकाचं मी मुद्दाम म्हणते. नातीची १४४ ची खोली शाळेच्या मागच्या फाटकातून होती. पुढून गेलेल्याला पूर्ण मैदान वळसा घालून जावं लागत होतं, आणि काठी टेकत चालणाऱ्या माणसाला तो वळसा फार मोठा.

आता तुमच्याकडे एक तक्रार. आयोगाची मतदार माहिती चिठ्ठी आम्ही मतदानाआधी घरोघरी वाटतो. तिच्यावर भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्राचं नाव आणि पत्ता, सगळं एकत्र असतं. ती मतदाराच्या किंवा घरातल्या सज्ञान माणसाच्या हातात द्यायची असते, गठ्ठा करून कुणाकडे ठेवायची नसते. पण तुमच्या कितीतरी सोसायट्यांत आम्हाला वर सोडत नाहीत. 'इथंच ठेवा, आम्ही वाटू' म्हणतात. दोन निवडणुकांपूर्वी एका सोसायटीत हट्टाने वर गेले, तेव्हा वॉचमनच्या केबिनमध्ये मागच्या निवडणुकीच्या चिठ्ठ्या रबरबँड लावून तशाच पडलेल्या दिसल्या. वर चहाच्या कपाचा गोल डाग. तेव्हा बीएलओ आली की तिला लिफ्टने वर जाऊ द्या, हवं तर कमिटीतलं कुणी सोबत पाठवा. त्या चिठ्ठीवर मत देता येत नाही एवढं मात्र सभासदांना सांगा. ती ओळखीचा पुरावा नाही, फक्त वाट दाखवते. सोबत ओळखपत्र किंवा आयोगाने मान्य केलेला आधार, पासपोर्ट, वाहन परवाना यांसारखा कागद लागतोच.

तुमच्या क्लबहाउसबद्दलही बोलायला हवं. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत मुंबई, पुणे, ठाणे या बाजूला मोठ्या गृहसंकुलांच्या आत मतदान केंद्रं झाली. सोय उत्तम होती. पण त्यातून एक नवाच घोळ झाला. केंद्र आपल्याच आवारात आहे म्हणजे आपलं नाव तिथेच असणार, असं संकुलातल्या प्रत्येकाने गृहीत धरलं. शेजारच्या सोसायटीतल्यांना वाटलं ते केंद्र परक्यांचं, आपण तिथे जायचं नाही. दोन्ही चूक. क्लबहाउसमधल्या खोलीत ज्या भागाचं केंद्र आहे त्या भागात नोंद असलेला माणूस तिथे मत देणार, मग तो भिंतीपलीकडचा का असेना, आणि तुमच्या गेटवरच्या माणसाला त्या दिवशी त्याला अडवता येणार नाही. उलट तुमचाच भाडेकरू, ज्याने आपली नोंद जुन्या पत्त्यावरून हलवलीच नाही, त्याचं केंद्र अजून जुन्या पत्त्याकडेच आहे.

आणखी एक सापळा आपल्या राज्यातला आहे आणि तो मला सगळ्यात जास्त त्रास देतो. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. राज्य आयोग वेगळी माणसं नोंदवत नाही, ठरावीक तारखेची विधानसभेचीच यादी घेतो. पण ती प्रभागांप्रमाणे फोडून नव्याने मांडतो. फोडली की अनुक्रमांक बदलतो, केंद्र क्रमांक बदलतो, बरेचदा इमारतही बदलते. २९ महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, तेव्हा कित्येक जण चौदा महिन्यांपूर्वीच्या विधानसभेची चिठ्ठी जपून घेऊन आले होते. २० नोव्हेंबर २०२४ ची! चिठ्ठी खरी, निवडणूक वेगळी. त्या वेळी electoralsearch वर शोधून दिसणारं केंद्र पालिकेच्या मतदानासाठी धरायचं नाही. त्यासाठी राज्य आयोगाचं mahasecvoterlist.in हे संकेतस्थळ आहे. विधानसभेतला भाग आणि अनुक्रमांक मात्र फेकून देऊ नका, प्रभागाच्या यादीत आपलं नाव शोधताना त्यांचा आधार होतो.

भाग चुकीचा आहे असं लक्षात आलं तर काय, हेही विचाराल. निवडणूक नसताना नमुना ८ भरा, ऑनलाइन किंवा बीएलओकडे. पत्ता त्याच मतदारसंघातला असला तरी तोच नमुना चालतो. आजोबांसाठी आम्ही नंतर तेच केलं, पत्त्याच्या पुराव्याला वीजबिल लावलं. पण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. त्यानंतर नोंद जिथे आहे तिथेच जाऊन मत द्यायचं, दूर असलं तरी. मतदानाच्या दिवशी 'माझं नाव या खोलीत आणून द्या' असा अर्ज घेणारं टेबल कुठेच नसतं.

तर तुमच्या त्या कागदाचं काय करायचं? तो काढू नका, बदला. तुमच्या इमारतीतली माणसं साधारण कोणकोणत्या भागांत विखुरलेली आहेत ते आठ-दहा घरांना विचारलं तरी कळतं. पुनर्विकास झाला असेल तर जुन्या चाळीच्या नावाचा विभाग आवर्जून शोधा. त्या भागांची फक्त पहिली पानं उतरवून घ्या आणि कागदावर असं लिहा, 'आपल्या नोंदीचा भाग क्रमांक आधी बघा. भाग १४१ : मनपा शाळा, खोली २, गल्लीतलं फाटक. भाग १४३ : विद्यालय, तळमजला, खोली ५, पुढचं फाटक. भाग १४४ : तेच विद्यालय, खोली ६, मागचं फाटक.' खाली शोधायचा पत्ता आणि १९५०. वर कोणत्या निवडणुकीसाठी आणि कोणत्या तारखेला तपासलं ते मोठ्या अक्षरात, म्हणजे पुढच्या वेळी कुणी जुनाच कागद वाचत बसणार नाही.

एक मात्र करू नका. सोपं पडेल म्हणून सगळ्यांच्या ओळखपत्रांचे क्रमांक आणि फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका, आणि नावांची पानं फळ्यावर लावू नका. यादी सार्वजनिक असली तरी कोण कुठल्या फ्लॅटमध्ये, किती वर्षांचं आणि कुणासोबत राहतं हे लिफ्टपाशी टांगायची गरज नाही. ज्यांना फोनवर शोधता येत नाही अशा ज्येष्ठांसाठी रविवारी तासभर कार्यालय उघडं ठेवा, कुणीतरी शेजारी बसून शोधून द्या आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक त्यांच्याच हातात चिठ्ठीवर लिहून द्या.

मला परवा ५०४ चे आजोबा भाजीच्या गाडीपाशी भेटले. पाकीट काढून त्यातला घडी घातलेला कागद दाखवला. त्यावर निळ्या शाईत '१४३, १०१२' एवढंच लिहिलेलं. 'आता मुलगा, सून आणि मी एका खोलीत,' म्हणाले, 'नात अजून मागच्या फाटकाला.' तिचा नमुना ८ भरायचा राहिलाय.

आपली,
एक शिक्षिका आणि बीएलओ

ता. क. तुमच्या शिक्क्याचं शाईपॅड वाळलंय. नव्या कागदावर लावायच्या आधी बघून घ्या, मागच्या वेळी शिक्क्यातलं सोसायटीचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं.